प्रसूती रजेचा इंग्रजी अर्ज : तारखांमागची पार्श्वभूमी

मराठवाड्यातल्या वाळूज किंवा शेंद्र्याच्या कंपनीतली कर्मचारी आज एचआरला प्रसूती रजेचा मेल पाठवते, तेव्हा त्यात साधारण चार गोष्टी असतात : प्रसूतीची अपेक्षित तारीख, रजा सुरू होण्याची तारीख, परत रुजू होण्याची तारीख आणि हँडओव्हर. पहिल्या तीन गोष्टी कायद्यातून आल्या, चौथी कंपन्यांनी आपल्या सोयीसाठी आणली. मेल इंग्रजीत असतो, कारण मंजुरी देणारा माणूस बऱ्याचदा पुण्या-मुंबईत किंवा देशाबाहेर बसलेला असतो. भाषा बदलली तरी मूळ मजकूर जुन्या नोटिशीचाच आहे.

मुंबई प्रांतात प्रसूती लाभाचा कायदा 1929 मध्ये आला, पण तेव्हा मराठवाडा निजामाच्या राज्यात होता, त्यामुळे तो इथे लागू नव्हता. देशभरासाठी 1961 मध्ये एकच कायदा झाला. त्यात 12 आठवड्यांची रजा होती आणि पात्रतेसाठी आधीच्या 12 महिन्यांत 160 दिवस काम केलेले असावे लागे. ही अट 1988 च्या दुरुस्तीने 80 दिवसांवर आली. 1 एप्रिल 2017 पासून रजा 26 आठवड्यांची झाली आणि प्रसूतीपूर्वी त्यातले जास्तीत जास्त 8 आठवडे घेता येऊ लागले. दोन मुले हयात असतील, तर पुढच्या बाळंतपणाला अजूनही 12 आठवडेच मिळतात आणि त्यातले आधीचे जास्तीत जास्त 6.

अर्जातल्या तारखांचा खरा गुंता मात्र आठवडा किती दिवसांचा, या वादात आहे. तो वाद एका मळ्यावर सुरू झाला. तमिळनाडूतल्या एका स्त्री कामगाराची प्रसूती डिसेंबर 1967 मध्ये झाली. मालकाने तिला 12 आठवड्यांचा लाभ म्हणून 72 दिवसांची मजुरी दिली. बारा रविवार बिनपगारी सुटीचे म्हणून वगळले. तिचे म्हणणे होते की 12 आठवडे म्हणजे 84 दिवस. कोइमतूरच्या कामगार न्यायालयातून सुरू झालेला हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि 1977 मध्ये निकाल लागला : या कायद्यातला आठवडा रविवार धरून सात दिवसांचा. बाळंतिणीची झीज भरून यावी आणि बाळाचे संगोपन नीट व्हावे हा कायद्याचा हेतू आहे, म्हणून अर्थही त्या हेतूला पोषक लावायचा, अशी न्यायालयाची भूमिका होती. मालकाची बाजू अगदीच पोकळ होती असे नाही. ज्या दिवशी एरवी मजुरी मिळत नाही, त्या दिवसाची मजुरी रजेत का द्यावी, हा प्रश्न हिशेबाच्या वहीत रास्तच दिसतो. पण तो मान्य केला असता, तर बाळंतिणीच्या हातून दर सात दिवसांतला एक दिवस गेला असता.

आजच्या 26 आठवड्यांना हे लावून पाहा. रविवारांसह 182 दिवस होतात, रविवार वगळले तर 156. रोजंदारीवर किंवा ठेकेदाराकडे काम करणाऱ्या बाईचा सरासरी रोज 600 रुपये असेल, तर 26 रविवारांचा फरक 15,600 रुपयांचा. मासिक पगारवाल्यांना पैशात तो सहसा जाणवत नाही. त्यांच्याकडे चूक उलट्या दिशेने होते. रजा 182 ‘कामाचे दिवस’ धरून मोजली जाते आणि रुजू होण्याची तारीख महिनाभराने पुढे जाते. मग एचआर ती खोडते आणि मेलची फिरवाफिरव सुरू होते. रजेत येणारे गणेशोत्सव, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन, दसरा, दिवाळी हे सगळे त्या 182 दिवसांतच गेले, त्यांचे वेगळे दिवस वाढवून मिळत नाहीत.

दुसरी चूक ‘सहा महिने’ लिहिण्याची. सरकारी खात्यातल्या बहिणीचा किंवा मैत्रिणीचा नमुना उतरवला, की त्यात 180 दिवस असतात. केंद्र सरकारने 2008 मध्ये आपल्या कर्मचाऱ्यांना 180 दिवस दिले, तो सेवानियमातला आकडा आहे. खासगी कंपनीला लागू असलेला आकडा 26 आठवड्यांचा. तो नमुना जसाच्या तसा वापरला, तर हक्काचे दोन दिवस आपणच सोडून देतो. कॅलेंडरचे सहा महिने धरले, तर आकडा कधी 181 येतो, कधी 184. म्हणून अर्जात कालावधी आठवड्यांत लिहावा आणि पहिला व शेवटचा दिवस तारखेने द्यावा.

एक उदाहरण घेऊ. वाळूजच्या कंपनीत हिशेब विभागात काम करणाऱ्या बाईची अपेक्षित तारीख 14 सप्टेंबर 2026 आहे. आठ आठवडे मागे गेलो तर 20 जुलै येतो. त्याआधी प्रसूती रजा सुरू करता येत नाही. ती छत्तिसावा आठवडा पूर्ण होईपर्यंत काम करणार आहे, म्हणून रजा सोमवार, 17 ऑगस्टपासून घेते. पहिला दिवस धरून 182 वा दिवस रविवार, 14 फेब्रुवारी 2027 ला येतो आणि ती सोमवार, 15 फेब्रुवारीला रुजू होते. बाळ 22 सप्टेंबरला झाले, तरी शेवटची तारीख हलत नाही. आधीचे दिवस वाढतात, नंतरचे तेवढेच घटतात. बाळ 8 ऑगस्टलाच झाले, तर मात्र रजा त्या दिवसापासून धरली जाते आणि 5 फेब्रुवारीला संपते. म्हणून प्रसूती लवकर झाल्यास रजा त्याच दिवसापासून सुरू समजावी, असे एक वाक्य अर्जात असावे. ते नसले, की मधले दिवस आजारपणाच्या किंवा अर्जित रजेत टाकले जातात. तारीख लिहिताना महिना अक्षरांत लिहावा. 07/09 हे इथे 7 सप्टेंबर असते, पण परदेशातल्या वरिष्ठाला ते 9 जुलै वाटू शकते.

मराठवाड्यात आणखी एक पेच येतो, तो पहिल्या बाळंतपणाला माहेरी जाण्याचा. सातव्या महिन्यात डोहाळेजेवण होते आणि त्यानंतर मुलगी उदगीरला किंवा अंबाजोगाईला नेली जाते. कायद्याची आठ आठवड्यांची मर्यादा मात्र बत्तीस आठवडे पूर्ण झाल्यावरच उघडते. वरच्याच बाईला 29 जूनला जायचे असेल, तर 19 जुलैपर्यंतचे 21 दिवस अर्जित रजेतून काढावे लागतील आणि प्रसूती रजा 20 जुलै ते 17 जानेवारी अशी होईल. दोन्ही रजा एकाच मेलमध्ये मागता येतात, पण ओळी वेगळ्या ठेवाव्यात. नाहीतर सगळा काळ प्रसूती रजा समजून शेवटून 21 दिवस कापले जातात.

माहेरी गेल्यावर डॉक्टरही बदलतो. शहरातल्या दवाखान्याने सुरुवातीच्या सोनोग्राफीवरून एक तारीख दिलेली असते, गावाकडचा दवाखाना शेवटच्या पाळीवरून दुसरी लिहितो. चार-आठ दिवसांचा फरक पडतो आणि कंपनीकडे दोन दाखले जमा होतात. पहिल्या तीन महिन्यांतल्या सोनोग्राफीवरची तारीख सहसा अधिक भरवशाची असते. अर्जासोबत तोच दाखला जोडावा आणि पुढची फाइलही त्याच तारखेवर चालवावी.

‘रिक्वेस्ट’ या शब्दाने एक गैरसमज रुजवला आहे. शिष्टाचार म्हणून तो ठीक, पण 1961 च्या कायद्याने स्त्रीकडून मागितली होती ती लेखी नोटीस : मी अमुक तारखेपासून गैरहजर राहीन, या काळात कुठल्याही आस्थापनेत काम करणार नाही आणि लाभ मला किंवा मी नेमलेल्या व्यक्तीला द्यावा. नोटीस मिळाल्यावर मालकाने गैरहजर राहू द्यायचे, इतकेच. नोटीस देणे राहून गेले, तरी हक्क बुडत नाही. नामनिर्देशनाची ओळ आजच्या नमुन्यांतून जवळजवळ गायब झाली आहे. ती घालायला हरकत नाही. अर्थात, हे सारे कागदोपत्री ज्यांना मालक आहे, त्यांच्यासाठी. बीडहून मुकादमाची उचल घेऊन कारखान्यावर जाणाऱ्या ऊसतोड बाईने ही नोटीस कुणाला द्यायची, याचे उत्तर कायद्याच्या इतक्या वर्षांत व्यवहारात उतरलेले नाही.

हँडओव्हर कायद्यात कुठेच नाही. सरकारी कचेरीतल्या ‘चार्ज देण्या’चा तो कंपनीतला अवतार. तो नीट लिहायचा तर कामाच्या खऱ्या तारखांवर बसवावा लागतो. वरच्या उदाहरणात 15 ऑगस्टची सुटी असल्याने शेवटचा कामाचा दिवस शुक्रवार, 14 ऑगस्ट येतो. जुलैच्या विक्रीचा जीएसटी तपशील, म्हणजे GSTR-1, ती 11 ऑगस्टपर्यंत स्वतः भरू शकते. महिन्याचा कर ज्यावर भरतात त्या GSTR-3B ची मुदत 20 ऑगस्ट आहे आणि त्यासाठी लागणारा खरेदीवरच्या कराचा तक्ता, GSTR-2B, पोर्टलवर 14 तारखेला येतो, म्हणजे खरेदीच्या नोंदी जुळवायला तिच्याकडे दिवसच उरत नाही. म्हणून प्लॅनमध्ये लिहायचे ते असे : जूनचा 3B सहकाऱ्याने 20 जुलैपर्यंत तिच्यासमोर भरायचा आणि जुलैचा त्याने एकट्याने. बाळ आधी आले तरी घडी विसकटू नये, म्हणून सगळा हँडओव्हर 31 जुलैला पूर्ण धरायचा. हमखास अडते ते ओटीपीपाशी. पोर्टलवर तिचाच मोबाइल नोंदलेला असतो आणि सहकारी विसाव्या तारखेला बाळंतिणीला फोन लावतो. नंबर जुलैतच बदलून घ्यावा. पासवर्ड मेलमध्ये लिहू नयेत.

चांगुलपणाने लिहिले जाणारे ‘रोज तासभर ऑनलाइन असेन’ हे वाक्य सर्वांत महागात पडू शकते. परवानगीच्या रजेत काम केले, तर तेवढ्या काळाचा लाभ गमावण्याची तरतूद 1961 च्या कायद्यात होती. प्रसूतीनंतरच्या सहा आठवड्यांत तर मालकाने काम देण्यालाच मनाई आहे. रजा संपल्यावर घरून काम करण्याची सोय 2017 ला आली, पण ती कामाचे स्वरूप पाहून आणि दोघांच्या संमतीने. तिची विचारणा वेगळ्या परिच्छेदात करावी, हँडओव्हरमध्ये मिसळू नये.

21 नोव्हेंबर 2025 पासून सामाजिक सुरक्षा संहिता लागू झाली आणि 1961 चा कायदा तिच्यात विलीन झाला. 26 आणि 8 आठवड्यांची चौकट तशीच आहे, कलमांचे क्रमांक मात्र बदलले. फिरत्या नमुन्यांत अजून जुनी कलमे सापडतात. क्रमांक गाळून ‘लागू कायद्यानुसार 26 आठवडे’ एवढे इंग्रजीत लिहिले, दोन तारखा दिल्या आणि मेल मिळाल्याची लेखी पोच मागितली, की अर्ज पुरेसा होतो.