बालविवाह रद्द करायचा आहे? आधी विसावा वाढदिवस बघा

बालविवाह बेकायदाच असतो, मग तो रद्द कशाला करायचा, असं विचारणारे पालक नेहमी भेटतात. बेकायदा असला तरी तो आपोआप रद्द होत नाही. २००६च्या बालविवाह प्रतिबंधक कायद्यानुसार लग्नाच्या वेळी जी व्यक्ती अल्पवयीन होती, तिनेच न्यायालयात अर्ज करून तो रद्द करून घ्यावा लागतो. (मुलीला पळवून, विकून किंवा मनाईहुकूम मोडून लावलेलं लग्न मात्र मुळातच शून्य.) पंचांसमोर किंवा स्टॅम्प पेपरवर केलेल्या सोडचिठ्ठीने बालविवाह रद्द होत नाही.

सगळ्यात जास्त घोटाळा होतो तो मुदतीत. सज्ञान झाल्यावर दोन वर्षं पूर्ण व्हायच्या आत अर्ज दाखल झाला पाहिजे, म्हणजे मुलीच्या बाबतीत विसाव्या वाढदिवसाआधी. समजा, तिचा जन्म १२ जून २००६चा आणि लग्न मे २०२२मधलं. तर ११ जून २०२६पर्यंत अर्ज न्यायालयात गेलाच पाहिजे. निकाल नंतर लागला तरी चालतो. दोन वर्षं लग्नापासून मोजणारे आणि ‘अठरा पूर्ण झाली की बघू’ म्हणत बसणारे, दोघेही फसतात. मुदत हुकली की उरतो तो घटस्फोटाचा रस्ता.

अठरा व्हायची वाटही बघायला नको. अल्पवयीन मुलीच्या वतीने पालक किंवा वादमित्र, म्हणजे तिच्यासाठी न्यायालयात उभी राहणारी जवळची व्यक्ती, अर्ज करू शकते. लग्न आईबापांनीच लावलेलं असेल तर मामा, मावशीही वादमित्र होऊ शकतात. मात्र सोबत बालविवाह प्रतिबंधक अधिकारी हवा. महाराष्ट्रात गावात हे काम ग्रामसेवकाकडे, म्हणजे आताच्या ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडे असतं. ते ‘आमच्याकडे येत नाही’ म्हणाले तर लेखी मागा.

अर्ज कौटुंबिक न्यायालयात, ते नसेल तिथे जिल्हा न्यायालयात. मुलगी सध्या राहते तिथेही तो करता येतो, त्यासाठी सासरच्या जिल्ह्यात जायला नको. वकिलाला पैसे नसतील तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो.

वयासाठी जन्मदाखला किंवा शाळेच्या जनरल रजिस्टरचा उतारा काढा. नुसत्या आधारकार्डावर विसंबू नका. खरी अडचण लग्नाच्या पुराव्याची. अशा लग्नाची नोंदणी नसते आणि पत्रिका मुद्दाम छापलेली नसते. तेव्हा तारखेसह फोटो, मोबाइलमधले व्हिडिओ, मंडपवाल्याची पावती, हजर असलेल्या दोघातिघांची साक्ष, जे मिळेल ते गोळा करा.

लग्न रद्द करताना लग्नात मिळालेले पैसे, दागिने, भेटवस्तू किंवा त्यांची किंमत दोन्हीकडच्यांनी परत करायची असते. मुलीकडच्यांनीसुद्धा, हे पुष्कळांना ऐनवेळी कळतं. त्याआधी न्यायालय दोघांचं म्हणणं ऐकतं. म्हणून सोनाराची बिलं आणि आहेराची वही जपा. जेवणावळीचा खर्च यात येत नाही.

मुलीला पुनर्विवाहापर्यंत पोटगी मागता येते. नवरा अल्पवयीन असेल तर ती त्याच्या आईवडिलांनी किंवा पालकांनी द्यायची. पुनर्विवाह होईपर्यंत राहायच्या जागेचा आदेशही मिळू शकतो.

मूल असेल तर ‘ते अनौरस ठरेल’ अशी भीती घालून सासरचे अर्ज मागे घ्यायला लावतात. ते धादांत खोटं आहे. निकालाआधी जन्मलेलं किंवा पोटात असलेलं मूल कायद्याने औरसच राहतं आणि बापाच्या वारसाहक्कातूनही बाहेर पडत नाही. त्याचा ताबा कोणाकडे द्यायचा, हे न्यायालय मुलाचं हित बघून ठरवतं. दुसऱ्या पालकाला भेटू देण्याचा आणि मुलाच्या खर्चाचा आदेशही तेव्हाच मागून घ्या.