दहा वर्षांचा हृदयवाहिनी-धोका : उच्च रक्तदाबातील अंदाज व उपचार

रक्तदाब वाढलेल्या, पण अद्याप हृदयविकाराचा झटका वा पक्षाघात न झालेल्या व्यक्तीला पुढील दहा वर्षांत यांपैकी काही होण्याची शक्यता किती, याचा टक्केवारीत काढलेला अंदाज. औषध लगेच सुरू करावे की थांबावे आणि रक्तदाब कुठवर खाली आणावा, हे ठरवताना हा आकडा रक्तदाबाच्या जोडीने पाहिला जातो.

अशा अंदाजांचे मूळ अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या फ्रेमिंगहॅम या गावात आहे. तेथे १९४८ साली ५,२०९ स्त्री-पुरुषांची नियमित तपासणी सुरू झाली आणि कोणाला झटका येतो, कोणाला येत नाही, याची वर्षानुवर्षे नोंद ठेवली गेली. वय, रक्तदाब, कोलेस्टेरॉल, धूम्रपान आणि मधुमेह हे घटक एकमेकांच्या जोडीने धोका कसा वाढवतात, हे त्या नोंदींतून समीकरणात मांडता आले. पुढे अनेक देशांनी आपापली समीकरणे तयार केली. अमेरिकेत २०१३ मध्ये आलेली समीकरणे बरीच वर्षे प्रचारात होती. खालील उदाहरण त्यांतील गोऱ्या पुरुषांसाठीच्या समीकरणावर सोडवले आहे.

दोन पुरुष घेऊ. दोघांचाही वरचा रक्तदाब १३६ आहे, दोघांनाही मधुमेह नाही आणि दोघेही रक्तदाबाची गोळी घेत नाहीत. पहिला ४५ वर्षांचा, धूम्रपान न करणारा. एकूण कोलेस्टेरॉल १८०, त्यातले ‘चांगले’ म्हणजे एचडीएल ४५. दुसरा ६० वर्षांचा, रोज सिगारेट ओढणारा. कोलेस्टेरॉल २२०, एचडीएल ३८. समीकरण पहिल्याचा धोका सुमारे २ टक्के सांगते आणि दुसऱ्याचा सुमारे २०. रक्तदाबाच्या यंत्रावर दोघे सारखे दिसतात. प्रत्यक्षात त्यांच्यात दहापटीचे अंतर आहे.

रक्तदाबाच्या औषधांचे चाचण्यांत आढळलेले वैशिष्ट्य असे, की धोका कमी असो वा जास्त, ती त्याचा साधारण सारखाच हिस्सा घटवतात. वरचा रक्तदाब १० मिलिमीटरने उतरवला, तर हृदयविकार-पक्षाघातासारख्या मोठ्या घटना सुमारे एक-पंचमांशाने कमी होतात. मात्र २० टक्क्यांचा पाचवा हिस्सा ४ टक्के आणि २ टक्क्यांचा पाचवा हिस्सा अर्धा टक्काही नाही. म्हणजे दुसऱ्या पुरुषासारख्या २५ जणांना दहा वर्षे औषध दिले, तर एकाची घटना टळते. पहिल्यासारख्या एकाची टाळायची, तर सुमारे २५० जणांना तेवढाच काळ गोळ्या घ्याव्या लागतील. चक्कर, पायांवरची सूज, कोरडा खोकला, सोडियम-पोटॅशियमची गडबड यांसारखे औषधांचे त्रास धोका पाहून येत नाहीत. ते दोन्ही गटांत संभवतात. उपचाराची तीव्रता धोक्याला बांधण्यामागचा सारा युक्तिवाद एवढाच आहे.

अमेरिकेच्या २०१७ च्या मार्गदर्शिकेने हा युक्तिवाद थेट नियमात आणला. वरचा आकडा १३० ते १३९ किंवा खालचा ८० ते ८९ असेल आणि दहा वर्षांचा धोका १० टक्के वा अधिक असेल, तर जीवनशैलीतील बदलांसोबत औषधही सुरू करावे. धोका त्याहून कमी असेल तर आधी मीठ, वजन, व्यायाम आणि मद्य यांकडे पाहावे. त्यानुसार आपल्या दुसऱ्या पुरुषाला गोळी मिळते, पहिल्याला नाही. १४०/९० च्या पुढे औषध द्यायला धोक्याचे गणित लागत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या शिफारशींतही १४०/९० ला सर्वांसाठी औषध आहे. तिथे धोका मुख्यतः पुढच्या प्रश्नाला उपयोगी पडतो : सर्वसाधारण रुग्णात १४०/९० च्या खाली समाधान मानायचे, की जास्त धोक्याच्या रुग्णात वरचा आकडा १३० च्या खाली न्यायचा.

त्याहून खाली नेण्याचा आधार म्हणजे २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेली ‘स्प्रिंट’ चाचणी. तिच्यात जास्त धोक्याच्या ९,३६१ जणांना १२० च्या खाली किंवा १४० च्या खाली, अशा दोन लक्ष्यांत विभागले होते. कडक लक्ष्याच्या गटात मुख्य घटना एक-चतुर्थांशाने कमी झाल्या; सोबत भोवळ, अतिकमी रक्तदाब आणि मूत्रपिंडाला अचानक इजा होण्याचे प्रमाण वाढले. चाचणीतला रक्तदाब शांत बसवून, स्वयंचलित यंत्राने, अनेकदा खोलीत कोणी नसताना मोजलेला होता. गर्दीच्या ओपीडीत घाईने घेतलेला आकडा बहुधा त्याहून वर येतो. त्यावरून १२० गाठायला निघाले, तर औषध गरजेपेक्षा जास्त पडते.

गणित चुकीच्या माणसावर लावणे ही नेहमीची चूक आहे. ज्याला झटका किंवा पक्षाघात होऊन गेला, त्याचा धोका मोजत बसायचे कारण नाही. तो जास्तच धरायचा. मूत्रपिंडाचा जुना आजार असणाऱ्यालाही २०१७ च्या नियमात थेट वरच्या गटात घेतले आहे. दुसरी चूक एकाच दिवशीचा, जिना चढून आल्यावरचा रक्तदाब समीकरणात घालण्याची.

तिसरी अडचण वयाची, आणि ती गणितातच आहे. पहिल्या पुरुषाचे सर्व आकडे तसेच ठेवून वय फक्त ६० केले, तर २ टक्क्यांचे ९ टक्के होतात. उलट, तरुण माणसाचे इतर आकडे वाईट असले तरी दहा वर्षांचा धोका लहानच दिसतो, कारण दहा वर्षे हा अवधीच त्याच्या दृष्टीने आखूड आहे. चाळिशीतल्या माणसाला ‘२ टक्के’ सांगून घरी पाठवणे म्हणूनच पुरेसे नाही. अमेरिकेच्या २०२५ च्या मार्गदर्शिकेने ही फट काही अंशी बुजवली : धोका कमी असला, तरी तीन ते सहा महिने जीवनशैली बदलूनही रक्तदाब १३०/८० वा वर राहिला, तर औषध द्यावे. तिने समीकरणही बदलले. जुनी समीकरणे अमेरिकेतल्या बऱ्याच गटांत धोका फुगवून सांगत होती. नव्या समीकरणांत वंशाचा रकाना नाही, मूत्रपिंडाचे कार्य आहे आणि औषधाची रेघ साडेसात टक्क्यांवर आहे. एका समीकरणाचा आकडा दुसऱ्याच्या रेघेशी ताडून पाहणे त्यामुळे निरर्थक ठरते.

दक्षिण आशियाई लोकांना जुने अमेरिकी गणित नीट लागू पडत नाही. त्यात गोरे आणि कृष्णवर्णीय एवढेच रकाने होते. न्यू जर्सीतल्या मराठी माणसाचा धोका गोऱ्यांच्या रकान्यात काढला जाई आणि तो कमी दिसण्याची शक्यता असे. ब्रिटनच्या ‘क्यूरिस्क’ या गणितात भारतीय वंशाची वेगळी नोंद होते. भारतात राहणाऱ्यांसाठी जागतिक आरोग्य संघटनेचे २०१९ चे रंगीत तक्ते अधिक जवळचे आहेत. ते प्रदेशवार असून ४० ते ७४ वयासाठी आहेत. कोलेस्टेरॉल तपासणे शक्य नसेल तिथे उंची-वजनावरून काढायचा वेगळा तक्ताही त्यांत आहे. प्राथमिक आरोग्य केंद्रात त्याचा उपयोग उघड आहे. मात्र हे तक्तेही तंबाखूबाबत फक्त धूम्रपान विचारतात. तंबाखू चघळणारा किंवा मिश्री लावणारा माणूस त्यांत ‘नाही’च्या रकान्यात जातो, आणि त्याचा हिशेब डॉक्टरला वेगळा मनात धरावा लागतो.

हेच गणित रुग्णासमोर उलटेही चालवता येते. दुसऱ्या पुरुषाच्या रकान्यात सिगारेट ‘नाही’ केली, की २० चे सुमारे १३ होतात. रक्तदाबाच्या एका गोळीने पडतो त्यापेक्षा हा फरक मोठा आहे. सिगारेट सोडल्याच्या दुसऱ्या दिवशी धोका एवढा उतरत नाही, त्याला काही वर्षे जातात, हेही त्याला सांगायला हवे.