अर्थ सांगणं वेगळं, मुद्दा पटवणं वेगळं: पीलमधला दुसरा ‘ई’

पील परिच्छेदाची चार अक्षरं बहुतेक शिक्षकांना पाठ असतात. पॉइंट, एव्हिडन्स, एक्स्प्लनेशन, लिंक. आधी मुद्दा, मग मजकुरातला पुरावा, मग स्पष्टीकरण, शेवटी विचारलेल्या प्रश्नाशी जोड. मुद्दा कुठला आणि पुरावा कुठला यात नऊ-दहा वर्षांची मुलंही फार काळ अडत नाहीत. घोटाळा होतो तो तिसऱ्या पायरीवर. मूल पुराव्याचा अर्थ सोप्या शब्दांत सांगतं आणि आपण त्यालाच स्पष्टीकरण समजून बरोबरची खूण करतो. ही खूण मला फार खटकते, कारण त्या परिच्छेदात युक्तिवाद अजून सुरूच झालेला नसतो.

यात मुलांचा दोष नाही. ‘स्पष्टीकरण’ हा शब्दच फसवा आहे. ‘संदर्भासह स्पष्टीकरण’ लिहून लिहून त्यांना वाटतं की स्पष्ट करणं म्हणजे ओळीचा अर्थ सांगणं.

वर्गासाठी मी दोन वाक्यांचा उतारा घेते: ‘आजोबांनी पत्र वाचलं, घडी घालून खिशात ठेवलं. दारापर्यंत जाईतो त्यांनी दोनदा खिशावर हात ठेवून पाहिला.’ प्रश्न असा की आजोबांना त्या पत्राबद्दल काय वाटतं? एका मुलीचा मुद्दा होता, पत्र त्यांच्यासाठी मोलाचं आहे. पुरावा म्हणून तिने ‘दोनदा खिशावर हात ठेवून पाहिला’ हे शब्द घेतले. इथवर उत्तम. पुढे तिने लिहिलं, ‘म्हणजे पत्र खिशात आहे की नाही हे आजोबांनी दोन वेळा तपासलं.’

वाक्य खरं आहे, पण ते पुराव्याचंच दुसरं रूप आहे. शेजारच्या मुलाचा मुद्दा अगदी वेगळा होता: आजोबा पत्र लपवत आहेत. पुरावा मात्र तोच. आता मुलीचं वाक्य उचलून त्याच्या परिच्छेदात ठेवा. तिथेही ते तितकंच चपखल बसतं. जे वाक्य दोन वेगळ्या मुद्द्यांना सारखंच चालतं, ते दोन्हींपैकी एकालाही आधार देत नाही. स्पष्टीकरण ओळखायची माझी कसोटी हीच आहे. वह्यांची अदलाबदल करून मुलं स्वतःच ती लावू शकतात.

मग तिने काय लिहायचं? मी तिला पुराव्यातला एक शब्द धरायला सांगितला. तिने ‘दोनदा’ धरला. ‘एकदाच’ असतं तर काय बदललं असतं, असं विचारल्यावर ती थोडा वेळ गप्प बसली आणि मग लिहू लागली: ‘पत्र त्यांनी आत्ताच स्वतःच्या हाताने ठेवलं आहे, त्यामुळे ते तिथे आहे हे त्यांना माहीत आहे. एकदा हात गेला तर ती सवय असू शकते. पण दारापर्यंतच्या एवढ्याशा अंतरात दुसऱ्यांदा जातो, कारण ते हरवेल या कल्पनेनेच त्यांना चैन पडत नाही.’ हे वाक्य शेजाऱ्याच्या परिच्छेदात बसत नाही. त्याने त्याच वाक्यातला ‘दारापर्यंत’ हा शब्द धरला: बाहेर लोकांसमोर जायच्या आत त्यांना खात्री हवी आहे की पत्र वर डोकावत नाही. पुरावा एकच असला तरी वाटा आता खरोखर वेगळ्या झाल्या. कुणाची वाट जास्त पटते यावर वर्गात वाद घालता येतो. मला मुलीची पटते, कारण उताऱ्यात दुसरं कुणी माणूसच नाही.

आणखी एक चूक याच्या उलट बाजूची आहे. ‘यावरून दिसून येते की पत्र आजोबांसाठी मोलाचे होते.’ इथे मूल पुराव्याऐवजी मुद्दाच परत सांगतं. तयार सुरुवातींच्या चिठ्ठ्या वाटल्या की हे वाक्य हमखास उगवतं, म्हणून ‘यावरून दिसून येते’ मी वर्गात बंद केलं आहे. तिसऱ्या पायरीच्या सुरुवातीचं ‘म्हणजे’ही बंद, कारण ते मुलाला थेट अर्थाकडे ढकलतं. त्याऐवजी ‘कारण’ किंवा ‘नाहीतर’ने सुरुवात करायची.

चार सारख्या चौकटींची कार्यपत्रिकाही मी वापरत नाही. चौकटी सारख्या दिसल्या की मुलं सारखंच लिहितात, प्रत्येकीत एक ओळ. वरच्या परिच्छेदात पुरावा पाच शब्दांचा आहे आणि स्पष्टीकरण तीन वाक्यांचं. प्रमाण साधारण असंच हवं. लांबलचक अवतरण उतरवणाऱ्या मुलाला मी त्यातले नेमके कामाचे शब्द अधोरेखित करून बाकीचे खोडायला लावते.

शेवटच्या पायरीबद्दल, म्हणजे प्रश्नाशी जोड देण्याबद्दल, फार सांगण्यासारखं नाही. एक वाक्य पुरतं, आणि त्यात मुद्दा जसाच्या तसा न लिहिता स्पष्टीकरणातून हाती आलेलं थोडं जास्तीचं यावं. त्या मुलीने शेवटी लिहिलं, ‘पत्र आजोबांना इतकं जवळचं आहे की ते खिशात असतानाही त्यांना हरवल्याची भीती वाटते.’