प्रमाणित कामाच्या टक्केवारीवरून नफ्याची नोंद (लहान ठेकेदारांच्या हिशेबात)

बांधकामाचा ठेका एका आर्थिक वर्षात सुरू होऊन दुसऱ्या किंवा तिसऱ्या वर्षात पुरा होत असेल, तर त्याच्या नफ्यासाठी काम संपेपर्यंत न थांबता, ३१ मार्चपर्यंत अभियंत्याने किंवा वास्तुविशारदाने जेवढे काम मोजून प्रमाणित केले असेल, तेवढ्याच प्रमाणात तो नफा त्या वर्षाच्या खात्यात घेण्याची ही पद्धत आहे. प्रमाणित कामाच्या किमतीला ठेक्याच्या एकूण किमतीने भागले म्हणजे टक्केवारी मिळते. भारतात बांधकाम ठेक्यांच्या हिशेबासाठी लेखा मानक ७ आहे. त्याची सुधारित आवृत्ती २००२ सालची असून ती १ एप्रिल २००३ पासून सुरू होणाऱ्या हिशेब वर्षांतील ठेक्यांना लागू झाली. काम किती झाले हे ठरवण्याचे तीन मार्ग त्या मानकात सांगितले आहेत : झालेल्या खर्चाचे एकूण अंदाजित खर्चाशी प्रमाण, झालेल्या कामाची पाहणी-मोजणी, आणि प्रत्यक्ष पुरा झालेला भाग. येथे विचार आहे तो दुसऱ्या मार्गाचा, आणि तोही अशा ठेकेदाराच्या दृष्टीने, ज्याच्याकडे एका वेळी एक-दोनच कामे असतात आणि ज्याचा हिशेबनीस महिन्यातून एकदाच येतो.

जळगाव, धुळे आणि नंदुरबार या जिल्ह्यांतील लहान ठेकेदारांची बरीचशी कामे सरकारी खात्यांची असतात, आणि तेथे मोजणीचा मूळ कागद म्हणजे मोजमाप पुस्तिका, जिला सगळे ‘एमबी’ म्हणतात. शाखा अभियंता टेप घेऊन जागेवर येतो आणि प्रत्येक बाबीपुढे नग, लांबी, रुंदी, उंची आणि शेवटी परिमाण असे आकडे लिहितो. पायाचे खोदकाम, काँक्रीट, सळई, वीटकाम अशा क्रमाने पाने भरत जातात आणि त्यांवरून चालू देयक, म्हणजे आरए बिल, तयार होते. नफ्याच्या हिशेबात ‘प्रमाणित काम’ म्हणून जी रक्कम धरायची ती या बिलातील कामाची किंमत होय, बँकेत जमा झालेली रक्कम नव्हे. बँकेत येण्याआधी तीतून अनामत, आयकराची कपात, कामगार कल्याण उपकर असे बरेच काही वजा झालेले असते. उलट काही बिलांत जागेवर आणून ठेवलेल्या साहित्यापोटी दिलेले अग्रिम मिळवलेले असते. गोदामात रचलेली सळई हे काम नव्हे, म्हणून ती रक्कम प्रमाणित कामातून आधी काढून टाकावी लागते. टक्केवारी फुगण्याचे सर्वांत साधे कारण हेच असते, आणि बिलाच्या गोषवाऱ्याचे पान उघडून पाहिले की ते लगेच सापडते.

पुढील उदाहरण काल्पनिक आहे, पण आकडे या भागातील लहान कामांना शोभतील असेच घेतले आहेत. चोपडा तालुक्यातील एका ठेकेदाराने शाळेच्या इमारतीचे काम वस्तू व सेवा कर वगळून ८० लाख रुपयांना घेतले. दर ठरलेले आहेत आणि त्यांत वाढ मिळणार नाही. त्याच्या अंदाजाने एकूण खर्च ७० लाख येईल, म्हणजे नफा १० लाख. पहिल्या ३१ मार्चला कामाच्या खात्यावर ३५ लाख खर्च पडलेला आहे. त्यातील साडेतीन लाखांचे सिमेंट आणि सळई न वापरता पडून आहे, म्हणून वापरलेला खर्च साडेएकतीस लाख. अभियंत्याने ३२ लाखांचे काम प्रमाणित केले आहे, म्हणजे ठेक्याच्या ४० टक्के.

आता एक गोष्ट उरते. मार्चमध्ये स्लॅब घातला, पण त्याची मोजणी राहिली. फाल्गुनात भोंगऱ्या आणि होळीसाठी सातपुड्यातील मजूर गावी जातात, कामाची गती ढिली पडते, आणि त्याच दिवसांत खात्याच्या कार्यालयात वर्षअखेरच्या बिलांची गर्दी असते. त्यामुळे या भागात ३१ मार्चला थोडेफार अप्रमाणित काम शिल्लक असणे हे नेहमीचेच आहे. या स्लॅबवर साडेतीन लाख खर्च झाला होता. तो वजा केला की प्रमाणित ३२ लाखांच्या कामाचा खर्च २८ लाख उरतो आणि नफा ४ लाख दिसतो. दुसऱ्या बाजूने, अंदाजित १० लाख नफ्याचे ४० टक्केही ४ लाखच होतात. दोन्ही वाटा एकाच आकड्यावर आल्या म्हणून ४ लाख नफा वर्षाच्या खात्यात घ्यायचा. स्लॅबचे साडेतीन लाख त्यावर नफा न चढवता केवळ खर्चाच्या किमतीने ‘अप्रमाणित काम’ म्हणून ताळेबंदात दाखवायचे, आणि पडून असलेले साहित्य वेगळे दाखवायचे.

हे दोन बाजूंनी मोजणे सोडता कामा नये, असे आग्रहाने सांगावेसे वाटते. प्रमाणित टक्केवारी ही किमतीची टक्केवारी आहे आणि तिला खर्चातले काहीच कळत नाही. म्हणून तिच्याशेजारी दर वर्षी खर्चाची टक्केवारी ठेवावी. येथे साडेएकतीस लाखांचे ७० लाखांशी प्रमाण ४५ टक्के आहे, म्हणजे प्रमाणितापेक्षा ५ टक्क्यांनी जास्त, आणि ७० लाखांचे ५ टक्के म्हणजे बरोबर त्या स्लॅबचे साडेतीन लाख. फरकाचे कारण सापडले. ज्या वर्षी असे कारण सापडत नाही, त्या वर्षी एक तर खर्चाचा अंदाज चुकलेला असतो किंवा कोणत्या तरी बाबीवर पैसा वाया गेलेला असतो. खर्चाची टक्केवारी प्रमाणितापेक्षा कमी आली तर बहुधा सुरुवातीच्या बाबींना फायद्याचे दर मिळालेले असतात. टक्केवारीच्या निविदेत, म्हणजे बी-१ मध्ये, सर्व बाबींचे दर खात्याच्या अंदाजपत्रकावरून एकाच टक्क्याने वर-खाली होतात, आणि प्रत्येक बाबीत सारखा नफा सुटतो असे नाही. पायाच्या कामात सुटलेला जास्तीचा नफा त्याच वर्षी आपला म्हणून घेतला, तर पुढे रंगकाम, फरशी आणि दारे-खिडक्या यांच्या वर्षी हिशेब उघडा पडतो.

लेखा मानकाच्या आधीपासून पाठ्यपुस्तकांतून शिकवला जाणारा एक सावध ठोकताळा अजून वापरात आहे. प्रमाणित काम ठेक्याच्या पावपेक्षा कमी असेल तर नफा मुळीच घ्यायचा नाही. पाव ते निम्मे झाले असेल तर दिसणाऱ्या नफ्याचा एक तृतीयांश, आणि निम्म्याच्या पुढे दोन तृतीयांश घ्यायचा, व तोही प्रमाणित कामापैकी रोख किती मिळाली त्या प्रमाणात. वरच्या उदाहरणात १० टक्के अनामत कापली असेल आणि एरवी पूर्ण रक्कम मिळाली असेल, तर ४ लाखांचा एक तृतीयांश, आणि त्याचे ९० टक्के, म्हणजे केवळ १ लाख २० हजार हाती लागतात. हा ठोकताळा घाईने नफा काढून घेण्याला आळा घालतो खरा, पण मानक ७ मध्ये त्याला आधार नाही. अंदाज भरवशाचा असेल तर ते मानक अनामतीमुळे नफा कमी करू देत नाही, कारण अनामत ही मिळायची बाकी असलेली रक्कम आहे, बुडालेली नव्हे.

दुसऱ्या वर्षी गोष्टी बिनसतात त्या अशा. इमारत काळ्या जमिनीवर होती. पहिल्या पावसात जोत्यातील मुरमाची भर खचली आणि तिच्यावरचा फरशीखालचा काँक्रीटचा थर तडकला. तो उपसून पुन्हा करण्यात ठेकेदाराचे ४ लाख गेले आणि त्याबद्दल कोणीही एक रुपया देणार नव्हते. दुसऱ्या ३१ मार्चला ६० लाखांचे, म्हणजे ७५ टक्के काम प्रमाणित झाले होते. वापरलेला खर्च साडेसत्तावन्न लाख होता आणि त्यातले १ लाख अप्रमाणित कामाचे होते. म्हणजे प्रमाणित कामावर साडेछप्पन्न लाख खर्च झाला. मूळ अंदाजाने तो ७० लाखांचे ७५ टक्के, म्हणजे साडेबावन्न लाख असायला हवा होता. चार लाखांचा खुलासा न झालेला फरक म्हणजेच ती पुन्हा केलेली भर. एमबी मध्ये तिची एकही ओळ नाही, कारण तेच काम दुसऱ्यांदा मोजले जात नाही. खर्चाच्या खात्याशी ताळा घातला नसता तर ती दिसलीच नसती.

चूक दुरुस्त करण्याच्या खर्चाने काम पुढे सरकत नाही, म्हणून तो पुढच्या कामावर पसरवायचा नाही, त्याच वर्षी पूर्ण घ्यायचा. सुरुवातीपासूनचा नफा ६० लाख वजा साडेछप्पन्न लाख, म्हणजे साडेतीन लाख. आदल्या वर्षी ४ लाख घेतले होते, म्हणून या वर्षी ५० हजारांचा तोटा लिहावा लागतो. आदल्या वर्षाचे खाते उघडून दुरुस्त करायचे नसते. हेच ४ लाख फरशी आणि खिडक्यांचे भाव वाढल्यामुळे वाढले असते, तर हिशेब वेगळा झाला असता. एकूण नफ्याचा अंदाज ६ लाखांवर आला असता, त्याचे ७५ टक्के साडेचार लाख, आणि या वर्षाचा नफा ५० हजार. खर्च कशामुळे वाढला हे कामाच्या वहीत त्याच आठवड्यात लिहून ठेवले नसेल, तर या दोहोंतला फरक वर्षअखेरीस कोणालाही सांगता येत नाही.

एकूण खर्चाचा अंदाज ठेक्याच्या किमतीच्याच वर गेला, उदाहरणार्थ ८३ लाख झाला, तर टक्केवारीला काही काम उरत नाही. सगळा ३ लाखांचा तोटा दिसताक्षणी लिहावा लागतो, मग काम ७५ टक्के झालेले असो वा १० टक्के. आधी घेतलेले ४ लाखही परत वळवावे लागतात, म्हणजे त्या एका वर्षावर ७ लाखांचा भार पडतो. लहान ठेकेदार बहुधा येथेच अडखळतो, कारण बँकेची कॅश क्रेडिटची मर्यादा त्याच वर्षी नव्याने ठरायची असते आणि हा तोटा ‘पुढच्या वर्षी बघू’ म्हणून ढकलण्याचा मोह होतो. उरलेले काम पुरे करण्याचा खर्च बाबवार मांडून त्याखाली तारीख आणि सही घातलेला एक कागद ताळेबंदासोबत ठेवला, तर बँकेपुढे आणि लेखापरीक्षकापुढे आकड्याला आधार राहतो.

आयकराचा हिशेब याहून थोडा वेगळा चालतो. १९६१ च्या आयकर कायद्यात २०१८ च्या वित्त अधिनियमाने कलम ४३सीबी घातले, आणि बांधकाम ठेक्याचा नफा पूर्णतेच्या टक्केवारीनेच काढायचा हे कायद्यात आले. अनामतही ठेक्याच्या उत्पन्नात धरायची, असे त्याच कलमात सांगितले. उत्पन्न-गणनेच्या मानकानुसार काम २५ टक्क्यांच्या पुढे गेल्यावर ते सुरुवातीच्या टप्प्यात आहे म्हणून नफा रोखून धरता येत नाही. तोट्याबाबत मात्र दोन्ही हिशेब वेगळे होतात. मानक ७ नुसार येऊ घातलेला सगळा ३ लाखांचा तोटा खात्यात लिहिला तरी आयकरासाठी तो कामाच्या प्रमाणातच, म्हणजे ७५ टक्क्यांप्रमाणे सव्वादोन लाखच, धरला जातो, आणि उरलेला पाऊण लाख उत्पन्नाच्या तक्त्यात परत मिळवावा लागतो.