प्रतिपाद्य विधान (प्रबोधनकालीन संगीतकारांच्या आश्रयावरील निबंधात)

निबंधात जे सिद्ध करायचे ते एक-दोन वाक्यांत मांडणाऱ्या विधानाला प्रतिपाद्य विधान म्हणतात. ते बहुधा पहिल्या परिच्छेदाच्या शेवटी येते. युरोपच्या प्रबोधनकाळातील संगीतकारांना मिळालेला आश्रय हा विषय घेतला की विद्यार्थी हमखास लिहितात : ‘प्रबोधनकाळात आश्रयदात्यांनी संगीतकारांच्या कारकिर्दीत महत्त्वाची भूमिका बजावली.’ हे वाक्य खोटे नाही, पण ते कोणी नाकारणारही नाही, आणि जे कोणी नाकारत नाही ते सिद्ध करायला पानेही लागत नाहीत. शिवाय त्यात दरबार, चर्च आणि नगरसभा हे निरनिराळे आश्रय एकाच गाठोड्यात बांधले जातात.

विधानाला धार येते ती एका प्रकरणात शिरल्यावर. इटलीतील फेरारा येथील दरबाराचे उदाहरण यासाठी उत्तम आहे, कारण तिथे संगीतकार निवडतानाचा विचार पत्रांतून टिकून राहिला आहे. १५०२ मध्ये ड्यूक एर्कोले देस्ते आपल्या गायकवृंदासाठी प्रमुख शोधत होता. जिरोलामो दा सेस्तोला या त्याच्या माणसाने जोस्कँ दे प्रे याचे नाव सुचवले. त्याला घेतले तर कोणत्याही राजाचा वृंद तुमच्यापेक्षा सरस ठरणार नाही, असा त्याचा आग्रह होता. जान दे आर्तिगानोवा या दुसऱ्याने हाइन्रिख इझाक याची शिफारस केली. त्याचे म्हणणे असे, की जोस्कँ अधिक चांगल्या रचना करतो हे खरे, पण त्याच्या मनात येईल तेव्हा करतो, सांगाल तेव्हा नाही. त्यातून तो २०० डकॅट, म्हणजे सोन्याची नाणी, मागतो आणि इझाक १२० मध्ये यायला तयार आहे. इझाक स्वभावानेही मनमिळाऊ. ड्यूकने जोस्कँला घेतले, तेही २०० डकॅटवर.

आता या पुराव्याला प्रश्न विचारायचा : सांगितले काम वेळेवर करणारा माणूस स्वस्तात मिळत असताना ड्यूकने महाग आणि लहरी माणूस का निवडला? उत्तराचा पहिला खर्डा असा होतो : ‘जोस्कँच्या निवडीवरून दिसते, की आश्रयदात्यांना रचनांपेक्षा नावलौकिक हवा होता.’ यात वाद घालण्याजोगे काही आले, पण दोन ठिकाणी विधान फसते. एका ड्यूकवरून ते सगळ्या आश्रयदात्यांवर उडी मारते. आणि ड्यूकला रचना नको होत्या असे ते सुचवते, जे टिकत नाही; ‘मिझेरेरे मेई, देउस’ हे जोस्कँचे मोठे मोटेट, म्हणजे लॅटिन धार्मिक शब्दांवरची अनेक आवाजांची रचना, याच फेरारामुक्कामातले, एर्कोलेसाठी रचलेले मानले जाते.

सुधारलेले विधान असे लिहिता येईल : ‘१५०२ च्या पत्रव्यवहारातून दिसते, की एर्कोलेच्या दरबारात संगीतकाराचा आज्ञाधारकपणा आणि त्याची कीर्ती या दोन वेगळ्या गोष्टी समजल्या जात होत्या. जोस्कँला निवडून ड्यूकने कीर्तीसाठी जास्त पैसे मोजले आणि त्यासोबत काही प्रमाणात संगीतकाराची मर्जीही मान्य केली.’ दुसऱ्या वाक्यातील ‘काही प्रमाणात’ हे शब्द काढू नयेत. ड्यूकने आपले कारण स्वतःच्या शब्दांत मांडलेले नाही. ते निवडीवरून काढलेले अनुमान आहे. पत्रे लिहिणारेही तटस्थ नव्हते, दोघे आपापला उमेदवार पुढे करत होते. निबंधात हे उघड सांगितले तर विधान अधिक भक्कम होते.

या विषयात दोन मोह वारंवार नडतात. पहिला ‘मिस्सा हेर्कुलेस दुक्स फेरारिए’ या ख्रिस्ती उपासनाविधीसाठीच्या रचनेचा. ड्यूकच्या लॅटिन नावातील स्वराक्षरे घेऊन त्यांना जुळणारी संगीतातील स्वरनामे जोस्कँने लावली : रे उत् रे उत् रे फा मी रे. हा आठ सुरांचा समूह रचनाभर पुन्हा पुन्हा येतो, म्हणजे आश्रयदात्याचे नावच रचनेत विणलेले आहे. पुरावा देखणा आहे, पण रचनेचा काळ वादग्रस्त आहे. काही अभ्यासक ती १५०३-०४ ची मानतात, काही त्याच्या बरीच आधीची. त्यामुळे ‘नोकरी मिळाल्यावर जोस्कँने ही भेट दिली’ हे वाक्य विधानाचा पाया म्हणून चालणार नाही. रचना ड्यूकच्या गौरवासाठी होती एवढे मात्र निर्धास्त म्हणता येते.

दुसरा मोह शेवटाचा. १५०३ मध्ये आलेला जोस्कँ वर्षभरात, १५०४ मध्ये, फेरारा सोडून गेला. लहरी कलावंत दरबारात रमला नाही, अशी कथा इथे आयती जुळते. पण तेव्हा शहरात प्लेग होता, आणि त्याच्या जागी आलेला याकोब ओब्रेख्ट १५०५ मध्ये तिथेच प्लेगने मरण पावला. जोस्कँ पुढे कोंदे येथील चर्चचा प्रोव्होस्ट, म्हणजे प्रमुख अधिकारी, झाला आणि १५२१ मध्ये मृत्यू होईपर्यंत तिथेच राहिला. म्हणून निवडीविषयीचे विधान त्याच्या जाण्यापर्यंत ताणू नये. जाण्याबद्दल लिहायचेच असेल, तर दरबारी पगार आणि चर्चमधील कायमचे पद यांची तुलना करणारे वेगळे विधान घ्यावे.