थर्मामीटरवर ‘Lo’ दिसतं तेव्हा

चौऱ्याहत्तर वर्षांच्या एका बाईंचं उदाहरण घेऊ. “आता बरी आहे मी,” म्हणून त्यांनी थायरॉईडची गोळी बंद केली. सुरुवातीला काहीच बिघडलं नाही, कारण रक्तातलं थायरॉक्सिन, म्हणजे त्या गोळीतलं थायरॉईडचं हार्मोन, निम्मं व्हायलाच साधारण सात दिवस लागतात. दोन महिन्यांत मात्र आवाज घोगरा झाला, चेहरा सुजट दिसू लागला, थंडी सोसवेना. घरच्यांनी ते वयावर ढकललं. मग खोकला झाला, झोप येईना म्हणून कुणीतरी झोपेची गोळी दिली, आणि सकाळी त्या हलवूनही नीट जाग्या होईनात. थर्मामीटरवर ‘Lo’ आलं. सुनेला वाटलं, बॅटरी गेली.

बॅटरी ठीक होती. बरेचसे घरगुती डिजिटल थर्मामीटर 32 अंश सेल्सिअसच्या खालचा आकडा दाखवतच नाहीत. रुग्णालयात तापमान 31.4 निघालं, नाडी मिनिटाला 42, श्वास जेमतेम 8.

याला मिक्सेडिमा कोमा म्हणतात. नाव कोमा असलं तरी रुग्ण पूर्ण बेशुद्ध असेलच असं नाही. ग्लानी किंवा भ्रमही पुरेसा. थायरॉईडच्या हार्मोनअभावी शरीर कसंबसं तग धरून असतं, त्यात संसर्ग, थंडी, हार्ट अटॅक, पक्षाघात किंवा गुंगीचं औषध यांतलं काहीही निमित्त पुरतं. या बाईंना न्यूमोनिया होता, पण ताप नव्हता. इतक्या थंड पडलेल्या शरीराला ताप चढतच नाही, म्हणून तो नसण्यावर विसंबून चालत नाही.

पहिल्या तासात आधी श्वास सांभाळायचा. तो मंद पडला की रक्तात कार्बन डायऑक्साइड साचतो आणि गुंगी वाढते. गरज पडली तर व्हेंटिलेटर. साखर आणि सोडियम तपासायचं, ईसीजी काढायचा, थायरॉईडच्या टीएसएच व फ्री टी-फोर या चाचण्या आणि अॅड्रिनल ग्रंथीचं हार्मोन कॉर्टिसॉल यांसाठी रक्त घ्यायचं. रिपोर्टची वाट मात्र बघायची नाही. आधी शिरेतून हायड्रोकॉर्टिसोन, म्हणजे औषधरूपातलं कॉर्टिसॉल, 100 मिलिग्रॅम, कारण अॅड्रिनल ग्रंथीही दुबळी असेल तर नुसत्या थायरॉक्सिनने रुग्ण कोसळू शकतो. मग शिरेतून लेव्होथायरॉक्सिन, म्हणजे औषधरूपातलं थायरॉक्सिन. नेहमीचा पहिला डोस 200 ते 400 मायक्रोग्रॅम; म्हाताऱ्या हृदयाला जास्त डोसाने ठोके बिघडण्याची भीती, म्हणून बाईंना 200. सोबत अँटिबायोटिक.

घरच्यांनी गरम पाण्याची पिशवी आणली होती. ती बाजूला ठेवायला लावली आणि फक्त ब्लँकेटं पांघरली. थंडीने त्वचेच्या रक्तवाहिन्या आखडलेल्या असतात. बाहेरून एकदम शेक दिला तर त्या सैलावतात आणि रक्तदाब धाडकन खाली येतो. मंद नाडीचंही तसंच: तिच्यामागे नाडी वाढवणारं अॅट्रोपिन घेऊन धावून सहसा फारसा उपयोग होत नाही, हार्मोन मिळालं की ती आपोआप वाढू लागते.

दुसऱ्या दिवशी नाडी 54 झाली. तिसऱ्या दिवशी ताप आला, 38 अंश.