आठ जीबीची रॅम आणि दहा जीबीचा शब्द

८ जीबी रॅमच्या एका सर्व्हरवर रेडिस हा डेटाबेस चालू आहे असं धरू. रेडिस सगळा डेटा रॅममध्येच ठेवतो, आणि त्याचा वेग येतो तो त्यातूनच. आत ५ जीबी डेटा भरलेला आहे. स्वॅप, म्हणजे रॅम अपुरी पडली तर डिस्कवर राखून ठेवलेली जादा जागा, या मशीनवर नाही.

वीज गेली तर रॅममधलं सगळं पुसलं जाईल, म्हणून रेडिस अधूनमधून डेटाची प्रत डिस्कवर उतरवतो. हे काम मिनिटभर चालतं. त्या मिनिटात वापरकर्ते काही थांबत नाहीत, नोंदी बदलतच राहतात. प्रत मात्र एकाच क्षणाची हवी, नाहीतर अर्ध्या नोंदी जुन्या आणि अर्ध्या नव्या निघतील. यासाठी रेडिस लिनक्सकडे `fork` मागतो: माझ्यासारखीच हुबेहूब दुसरी प्रोसेस, म्हणजे चालता प्रोग्रॅम, तयार कर. ही चाइल्ड प्रोसेस तो क्षण धरून ठेवते आणि निवांत डिस्कवर लिहीत बसते, मूळ प्रोसेस आपलं काम पुढे चालू ठेवते.

आता हिशेब मांडा. दोन प्रोसेस, प्रत्येकीचा ५ जीबीवर पूर्ण हक्क. ८ जीबीच्या मशीनने १० जीबी कबूल केले आहेत. तरीही `fork` यशस्वी होतो, कारण लिनक्सने त्या क्षणी डेटाचा एक बाइटही नक्कल केलेला नाही. मेमरी ४ केबीच्या पेजांमध्ये विभागलेली असते, आणि `fork` झाल्यावर तीच पेजं दोन्ही प्रोसेसना दाखवली जातात, पण फक्त वाचण्यापुरती. एखादीने पेजवर लिहायला घेतलं की प्रोसेसर कर्नेलला, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याला, खबर देतो, कर्नेल रॅममधलं मोकळं पेज शोधतो, मजकूर त्यात उतरवतो आणि लिहिणारीला ती नवी प्रत देतो. खरी रॅम खर्च होते ती इथे.

`malloc`, म्हणजे प्रोग्रॅमने मेमरी मागायची नेहमीची पद्धत, तिच्यातही हेच घडतं. प्रोग्रॅमने १ जीबी मागितला तर त्याला पत्त्यांचा एक पट्टा मिळतो. पट्ट्यातल्या एखाद्या पत्त्यावर पहिल्यांदा लिहिलं की मगच त्यामागे रॅम उभी राहते. आणि प्रोग्रॅम सहसा लागेल त्याहून कितीतरी जास्त मागतात. प्रोग्रॅममध्ये समांतर चालणारं एकेक काम म्हणजे थ्रेड, आणि अशा एका थ्रेडच्या स्टॅकसाठी, म्हणजे त्याच्या तात्पुरत्या जागेसाठी, लिनक्सवर साधारणपणे ८ एमबीचे पत्ते राखले जातात. २०० थ्रेड म्हणजे १.६ जीबी झाले, प्रत्यक्षात प्रत्येक थ्रेड त्यातले बऱ्याचदा काही केबीच वापरतो. लिनक्सने प्रत्येक मागणीमागे खरी रॅम बाजूला काढून ठेवली असती, तर बहुतेक मशीन अर्धी रिकामी असतानाच 'जागा नाही' म्हणाली असती. दिलेला शब्द किती मोठा आहे ते बघता येतं:

```
grep Commit /proc/meminfo
```

यातला `Committed_AS` हा आकडा म्हणजे सगळ्या प्रोसेसना मिळून कबूल केलेली मेमरी.

पुन्हा आपल्या सर्व्हरकडे येऊ. प्रत उतरवताना वापरकर्ते दर सेकंदाला १,००० वेगवेगळ्या पेजांवर लिहीत असतील, तर सेकंदाला ४ एमबी नक्कल होते आणि मिनिटात २४० एमबी. १० जीबीच्या शब्दापैकी जेमतेम सव्वापाच जीबी खरोखर द्यावे लागले. सेलचा दिवस आहे, गर्दी दहापट झाली, असं समजा. तेच गणित २.४ जीबीवर जातं. ५ आणि २.४ मिळून ७.४ झाले, कर्नेल, लॉग लिहिणारे आणि इतर किरकोळ प्रोग्रॅम उरलेल्या जागेत मावत नाहीत.

आता कुठल्यातरी प्रोसेसने एका पेजवर लिहायला घेतलं आणि मोकळं पेज उरलेलं नाही. कर्नेल आधी फाइलींच्या कॅशमधून जागा काढायचा प्रयत्न करतो. तीही संपली की खरा पेच पडतो. `malloc` ला 'नाही' म्हणता आलं असतं, कारण ती विनंती होती आणि तिला उत्तर असतं. पण इथे प्रोग्रॅमने काही विचारलेलंच नाही. तो आपल्याच व्हेरिएबलमध्ये एक आकडा टाकतोय, आणि त्या ओळीला नकार कळवायचा मार्ग नाही. मला वाटतं या सगळ्या विषयाचं मर्म इथे आहे: नकाराची वेळ मागण्यापासून वापरण्यापर्यंत ढकलली गेली, आणि तिथे पोचल्यावर नकार ऐकणारं कोणी उरलं नाही.

म्हणून कर्नेल ओओएम किलर, म्हणजे 'आउट ऑफ मेमरी' झाल्यावर एखादी प्रोसेस मारून जागा करणारी यंत्रणा, चालवतो. तो प्रत्येक प्रोसेसने खरोखर व्यापलेली रॅम आणि स्वॅप मोजतो, त्यात `oom_score_adj` हा आपण ठरवलेला कल मिळवतो, आणि ज्याची बेरीज सर्वांत मोठी त्याला सिग्नल ९ देऊन मारतो. हा सिग्नल अडवता येत नाही, फाइल बंद करायलाही सवड मिळत नाही. लॉगमध्ये साधारण असं दिसतं:

```
gzip invoked oom-killer: ...
Out of memory: Killed process 1412 (redis-server) ... anon-rss:5242880kB ...
```

पहिली ओळ वाचून पुष्कळजण `gzip` या फाइली दाबून लहान करणाऱ्या प्रोग्रॅमच्या मागे लागतात. त्याने फक्त शेवटचं पेज मागितलं, बहुधा अगदी थोड्या गरजेपोटी. रेडिस मेला कारण तो सर्वांत मोठा होता, आणि त्या मशीनवर सर्वांत मोठी प्रोसेस बहुतेक वेळा तीच असते जिच्यासाठी मशीन घेतलं.

मग शब्द द्यायचाच नाही असं ठरवलं तर? `vm.overcommit_memory` हे कर्नेलचं सेटिंग २ केलं की लिनक्स काटेकोर होतो. मर्यादा असते स्वॅप अधिक रॅमचा ठरावीक हिस्सा, आणि तो हिस्सा मुळात ५० टक्के असतो. आपल्या मशीनवर ती ४ जीबी भरेल, म्हणजे ५ जीबीचा डेटाच आत येणार नाही. हिस्सा १०० टक्के केला तरी मर्यादा ८ जीबी, आणि `fork` नंतरची बेरीज १०. गर्दी असो वा नसो, रेडिसच्या लॉगमध्ये येईल:

```
Can't save in background: fork: Cannot allocate memory
```

आणि प्रत उतरत नाही म्हटल्यावर रेडिस, त्याची सेटिंग बदलली नसेल तर, नव्या नोंदी घेणंही थांबवतो. २४० एमबीची गरज होती तिथे ५ जीबी नाहीत म्हणून काम अडलं. यामुळेच रेडिस सुरू होताना हे सेटिंग १ करा, म्हणजे कधीच नकार देऊ नका, असं बजावतो. उलट पोस्टग्रेस या दुसऱ्या डेटाबेसची मार्गदर्शिका २ कडे झुकते. त्याला वेळेवर मिळालेला नकार निभावता येतो, अचानक मारलं जाणं मात्र महागात पडतं. दोघांचंही आपापल्या जागी बरोबर आहे.

रेडिस असेल तर मी शब्द देऊ देईन, पण तो मोडलाच तर कोणी जायचं हे आधी ठरवून ठेवेन. `redis.conf` मध्ये:

```
oom-score-adj yes
oom-score-adj-values 0 200 800
```

यातला ८०० हा प्रत उतरवणाऱ्या चाइल्ड प्रोसेससाठी. हजारात ८००, म्हणजे तिच्या हिशेबात एकूण मेमरीच्या ८० टक्के, ६.४ जीबी, वरून धरले जातात. मूळ रेडिस ५ वर, चाइल्ड ११.४ वर. वेळ आली की चाइल्ड मरते, नक्कल झालेली पेजं मोकळी होतात, एक प्रत वाया जाते आणि डेटा जागेवर राहतो. पुढची प्रत गर्दी ओसरल्यावर उतरते.

कंटेनरमध्ये, म्हणजे प्रोग्रॅमला मशीनवर आखून दिलेल्या वेगळ्या कप्प्यात, एक फरक लक्षात ठेवावा लागतो. तिथे मर्यादा कंटेनरची असते, म्हणून मशीनवर कित्येक जीबी मोकळे असतानाही प्रोसेस मारली जाते. कंटेनर चालवणारा डॉकर अशा वेळी बाहेर पडण्याचा कोड १३७ दाखवतो: १२८ अधिक सिग्नलचे ९. पण हाताने `kill -9` केलं तरी तोच कोड येतो, म्हणून कर्नेलचा लॉग दाखवणाऱ्या `dmesg` मध्ये `Memory cgroup out of memory` ही ओळ सापडली तरच कंटेनरच्या मर्यादेमुळे ओओएम किलर आला असं समजायचं.